चाकाखालचं वावर : प्रस्तावना

परतवाड्याच्या उत्तरेला मेळघाटचे डोंगर सुरू होतात आणि दक्षिणेला जमीन पूर्णा नदीकडे उतरत जाते. पायथ्याला दगडगोट्यांची हलकी-मध्यम जमीन, अचलपूर आणि चांदूर बाजार पट्ट्यात संत्र्याच्या बागा, आणि जसजसं दर्यापूर-मूर्तिजापूरकडे जावं तसतशी काळी माती खोल होत जाते. पुढे खारपाणपट्टा लागतो. माती इतकी बदलते, पण तिच्यावरून फिरणारा ट्रॅक्टर बहुधा एकाच घडणीचा असतो. ३५ ते ५० अश्वशक्तीचा, मागची दोन चाकं ओढणारी, आणि त्या चाकांवर १३.६-२८ किंवा १४.९-२८ मापाचे नायलॉनचे बायस टायर. ट्रॅक्टर घेताना आपण इंजिन विचारतो, हायड्रॉलिक किती वजन उचलतं ते विचारतो, हप्ता किती बसेल ते विचारतो. टायर मात्र जो बसवून येतो तो घेतो. तोच टायर पुढची सहा-सात वर्षं आपल्या वावराची माती दाबत राहतो आणि टाकीतलं डिझेल किती कामाला लागेल, किती वाया जाईल, हेही बऱ्याच अंशी तोच ठरवतो.

ही पुस्तिका त्या टायरबद्दल आहे. गेल्या काही वर्षांत दुकानांत रेडिअल टायर दिसू लागले, मोठ्या ट्रॅक्टरांवर ते चढूही लागले, आणि ‘घ्यावा का?’ हा प्रश्न चहाच्या टपरीपासून कृषी सेवा केंद्रापर्यंत विचारला जातो. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. रेडिअल टायरचा जो काही फायदा आहे तो कमी हवेवर चालण्यात आहे. हवा बायसइतकीच ठेवायची असेल तर जास्तीचे पैसे मोजून हाती फारसं काही लागत नाही. हे असं का, ते समजायला टायरच्या आत डोकवावं लागतं.

रबराच्या आत दोऱ्यांचे थर असतात. बायस टायरमध्ये हे थर तिरपे, एकमेकांना छेद देत, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातात. खाटेच्या तिरप्या विणीसारखं ते सगळं एकात एक गुंतलेलं असतं, त्यामुळे साइडवॉल दबली की जमिनीला टेकणारा भागही तिच्याबरोबर वाकडा होतो, मध्ये उचलला जातो आणि वजन कडेच्या पट्ट्यांवर येतं. रेडिअलमध्ये साइडवॉलचे दोरे सरळ, एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे, चाकाच्या फिरण्याच्या दिशेला काटकोनात जातात आणि नक्षीच्या खाली वेगळे पट्टे घातलेले असतात. साइडवॉल आपल्यापरीनं वाकते आणि नक्षी आपल्यापरीनं सपाट राहते. चाकाचा जमिनीवरचा ठसा त्यामुळे लांब पडतो, जास्त पट्ट्या एकाच वेळी मातीत रुतून पकड घेतात. फ्रान्सच्या मिशलँ कंपनीनं या रचनेचं पेटंट १९४६ साली घेतलं. आपल्याकडे कार रेडिअलवर केव्हाच गेल्या, ट्रक आणि बसही बऱ्याच गेल्या. ट्रॅक्टर मागे राहिला. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला बीकेटीचा कारखाना आहे आणि या कंपनीच्या शेतीच्या टायरांचा मोठा वाटा युरोप-अमेरिकेतल्या शेतांवर जातो. तिथले शेतकरी आपल्याच राज्याशी नातं असलेल्या कंपनीचे रेडिअल वापरतात आणि आपण त्यांचा विचारही उशिरा करू लागलो, याचं मला वाईट वाटतं.

टायर कुठला आहे ते ओळखणं सोपं आहे. साइडवॉलवर दोन आकड्यांच्या मध्ये आडवी रेघ असेल, म्हणजे १३.६-२८, तर तो बायस. रेघेच्या जागी इंग्रजी आर हे अक्षर असेल तर रेडिअल. नव्या पद्धतीत तेच माप ३४०/८५ आर २८ असं लिहितात, आणि १४.९ च्या जागी ३८०/८५ आर २८. एका आसावर एक बायस आणि एक रेडिअल कधीही बसवू नये. दोन्हींचं दबणं आणि फिरणं वेगळं असतं.

आता हवेकडे येऊ. ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा असतो. मागे रोटाव्हेटर उचलून धुऱ्यावर वळताना पुढचं चाक हलकं होतं आणि वजन मागे सरकतं. अशा वेळी मागच्या एका चाकावर साडेनऊशे किलोच्या आसपास भार येतो. ट्रॅक्टर काल ट्रॉली घेऊन रस्त्यानं गेला होता म्हणून टायरात २० पौंड हवा आहे, असं समजू. २० पौंड म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे १.४ किलो. बायसच्या साइडवॉलचा ताठरपणा धरून मातीवरचा दाब १.६ किलोपर्यंत जातो, म्हणजे ते सगळं वजन जेमतेम ६०० चौरस सेंटिमीटरवर उभं आहे. त्याच भाराला योग्य मापाचा रेडिअल १० पौंड हवेवर चालू शकतो. तिथे दाब ०.८५ किलोच्या आसपास आणि ठसा ११०० चौरस सेंटिमीटरचा. चाक तेच, ट्रॅक्टर तोच, पण वरच्या मातीवरचा दाब जवळजवळ निम्मा.

आणि इथेच आपल्याकडे घोटाळा होतो. १० पौंडांवरचा रेडिअल खाली फुगलेला दिसतो. बायसवर नजर बसलेल्या माणसाला ते ‘हवा कमी आहे’ असंच वाटतं. तो पंक्चरवाल्याकडे जातो, पंक्चरवाला ट्रकच्या सवयीनं २५-३० पौंड भरतो, फुगवटा जातो आणि त्याबरोबर ठसाही आखडतो. टायर विकत घेताना मोजलेला फरक त्या पाच मिनिटांत गेला. दुकानातला मोठा गेज ट्रकच्या दाबासाठी असतो, १० पौंडांच्या आसपास तो भरवशाचा नसतो. म्हणून कमी दाब दाखवणारा साधा गेज स्वतःजवळ ठेवावा. आपल्या भाराला किती हवा हवी त्याचा तक्ता टायर कंपनीकडे असतो; तो मागून घ्यावा आणि फुगवट्याकडे न बघता गेजच्या काट्याकडे बघावं. चाकात पाणी भरण्याची आपली पद्धतही इथे आड येते. १३.६-२८ च्या एका चाकात दीड-पावणेदोनशे किलो पाणी मावतं. वजन वाढतं हे खरं, पण पाणी दबत नाही, साइडवॉल ताठ होते आणि रेडिअलचा मोठा गुण कमी होतो.

दाबाची गोष्ट मात्र इथे संपत नाही. चार पायांवर उभ्या असलेल्या बैलाच्या खुराखालचा दाबही काही कमी नसतो. चारशे किलोचा बैल चौरस सेंटिमीटरला एक किलोहून अधिक दाब सहज देतो. तरी बैलाच्या वखरणीनं जमीन खोलवर दबली असं कोणी म्हणत नाही. कारण वरच्या चार-सहा इंचांत किती दाब बसेल हे ठशावरच्या दाबावर ठरतं, आणि त्याखाली फूट-दीड फुटावर किती पोचेल हे आसावरच्या एकूण वजनावर ठरतं. बैलाचं वजन थोडं, ते वरच विरून जातं. सोयाबीन काढायला पंजाबकडून येणारं हार्वेस्टर टाकी भरल्यावर आठ-दहा टनांवर जातं आणि त्यातलं बरंचसं पुढच्या आसावर असतं. ऑक्टोबरात परतीच्या पावसानंतर ओल्या काळ्या मातीत ते फिरलं तर खोलवर पोचलेला दाब कुठल्याही टायरनं टाळता येत नाही. रेडिअल विकणारा सगळ्या खोलीतली माती वाचेल असं सांगत असेल तर ते खरं नाही. रेडिअल नांगराच्या खोलीपर्यंतची माती वाचवतो. त्याखालची माती वाचवायला वजन कमी लागतं आणि ओल कमी लागते.

काळ्या मातीबद्दल एक समज पक्का आहे की ती उन्हाळ्यात भेगाळते आणि आपोआप मोकळी होते. त्यात तथ्य आहे. या मातीतली स्मेक्टाइट जातीची चिकणमाती ओलीत फुगते, उन्हात आकसते, आणि भेगांमुळे वरचा थर खरोखर भुसभुशीत होतो. पण नांगराच्या, रोटाव्हेटरच्या तळाशी ओल्यात घासून झालेला गुळगुळीत थर आणि चाकाखाली पापुद्र्यासारखा बसलेला थर एका उन्हाळ्यात मोडत नाही. खारपाणपट्ट्यात तर सोडियममुळे मातीची कणरचनाच कमजोर असते. पाणी आधीच मुरत नाही, त्यात चाकाचा मारा.

असा दबलेला थर आपल्या वावरात आहे का, ते बघायला प्रयोगशाळा लागत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत पऱ्हाटी चिमट्यानं उपटली जाते तेव्हा मुळांकडे बघावं. चांगल्या जमिनीतलं सोटमूळ गाजरासारखं सरळ खाली गेलेलं असतं. दबलेल्या जमिनीत ते पाच-सहा इंचांवर एकदम आडवं वळतं, वळणाच्या जागी जाड होतं आणि पुढे बारीक फाटे फुटतात. ज्या ओळीशेजारून ट्रॅक्टरचं चाक गेलं तिथली दहा झाडं आणि चाक न लागलेल्या ओळीतली दहा झाडं उपटून शेजारी शेजारी ठेवावीत. मग दोन्ही जागी फावड्यानं फूटभर खड्डा घ्यावा. दबलेल्या जागी माती आडव्या पापुद्र्यांनी सुटते, ढेकूळ फोडलं तर आतून चकचकीत निघतं, मुळं भेगांमधूनच उतरलेली दिसतात. हा पुरावा डोळ्यांनी पाहिलेला माणूस टायरचं बोलणं वेगळ्या कानांनी ऐकतो, असा माझा अनुभव आहे.

टायरपेक्षा मोठी गोष्ट वापसा आहे, हे या पुस्तिकेत पुन्हा पुन्हा येईल. वरची माती वाळली, पाय रुतत नाही, म्हणून ट्रॅक्टर घातला जातो. सहा इंच खाली मात्र माती अजून लोण्यासारखी असते. परीक्षा तिथली करायची. सहा इंचांवरून मूठभर माती घ्यावी आणि तळहातावर वळावी. पेन्सिलच्या निम्म्या जाडीची, म्हणजे तीन मिलिमीटरची वळी न तुटता होत असेल तर ट्रॅक्टर धुऱ्यावरच ठेवावा. वळी होताना तुटू लागली की काम सुरू करायला हरकत नाही. ओल्या जमिनीत चाकाच्या पहिल्याच फेरीत नुकसानाचा मोठा वाटा होऊन जातो, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत त्यामानानं थोडी भर पडते. त्यामुळे ‘एकदाच जाऊन येतो’ या म्हणण्यात काही दिलासा नाही.

डिझेलचा हिशेब मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, म्हणून तो सावकाश मांडतो. ट्रॅक्टर ओढीचं काम करत असताना मागची चाकं थोडी घसरतातच. मोकळ्या मातीत ८ ते १२ टक्के घसरण चालते. त्याहून जास्त झाली तर डिझेल माती उकरण्यात जातं, आणि अगदीच कमी झाली तर ट्रॅक्टर गरजेपेक्षा जड आहे. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. तिथे ओढ मोजतात ती पक्क्या काँक्रीटच्या मार्गावर, घसरण १५ टक्क्यांच्या आत ठेवून. त्या अहवालातला आकडा इंजिन आणि गिअरबद्दल खरं सांगतो, पण तुमच्या काळ्या मातीत टायर किती घसरेल ते त्यातून कळत नाही. ते स्वतः मोजावं लागतं.

मोजायची रीत अशी. मागच्या टायरवर खडूनं खूण करावी. नांगर उचलून, बिनओढीचं, चाकाचे दहा फेरे जातील तेवढं वावरातच चालावं आणि अंतर टेपनं मोजावं. १३.६-२८ च्या टायरला हे ३९ मीटरच्या आसपास येतं. मग त्याच जागी, त्याच गिअरमध्ये, नांगर पूर्ण खोलीवर टाकून पुन्हा दहा फेरे मोजावेत. समजा ३२ मीटर आले. सात मीटर कमी पडले, म्हणजे १८ टक्के घसरण. आता योग्य हवेचा रेडिअल लावल्यावर तेच अंतर साडेचौतीस मीटर आलं असं धरू. घसरण साडेअकरा टक्के. त्याच वेळात जास्त अंतर कापलं जातं, म्हणून एकराला लागणारा वेळ सुमारे ७ टक्क्यांनी कमी होतो. पलटी नांगरानं एकराला १२ लिटर डिझेल जात असेल तर पाऊण लिटरहून थोडं जास्त वाचेल; डिझेल ९० रुपये धरलं तर एकरी ८० रुपयांच्या आत-बाहेर. रेडिअलची जोडी बायसपेक्षा १२ हजारांनी महाग पडली असं मानलं तर ती किंमत दीडशे एकर नांगरटीत वसूल होते.

या आकड्यांच्या जागी शेतकऱ्यानं आपले आकडे घालावेत. हिशेब तोच राहील. भाड्यानं नांगरट करणारा ट्रॅक्टरवाला दीडशे एकर एक-दोन हंगामांत करतो, त्याला रेडिअल परवडतो. स्वतःच्या आठ एकरांपुरताच ट्रॅक्टर फिरवणाऱ्याचा डिझेलातून पैसा निघणार नाही. त्यानं घ्यायचा तर मातीसाठी घ्यावा. आणि दोघांनीही आधी एक फुकटचं काम करावं. आहे त्याच बायस टायरची हवा २० पौंडांवरून भार बघून १२-१४ वर आणावी आणि खडूची परीक्षा पुन्हा करावी. घसरणीतला काही फरक तिथेच हाती लागतो, एक रुपया न घालता.

रोटाव्हेटरला मात्र हा हिशेब लागू पडत नाही, हे आवर्जून सांगायला हवं. रोटाव्हेटरची पाती फिरताना ट्रॅक्टरला पुढे ढकलतात. तिथे ओढ नाहीच, त्यामुळे घसरण वाचवून डिझेल वाचण्याचा प्रश्नही नाही. ज्या ट्रॅक्टरची निम्म्याहून अधिक मशागत रोटाव्हेटरवर आली असेल त्या ट्रॅक्टरला रेडिअलचा डिझेलातला फायदा फार थोडा. कंपनीच्या पत्रकातली टक्केवारी वाचताना आपलं काम नांगराचं-पंजीचं आहे की रोटाव्हेटरचं, हे आधी स्वतःला विचारावं.

दुसरी अडचण रस्त्याची. आपला ट्रॅक्टर सकाळी वावरात असतो आणि दुपारी कापूस जिनिंगला नाहीतर संत्री परतवाड्याच्या बाजारात नेत असतो. भरलेली ट्रॉली घेऊन डांबरावरून १० पौंड हवेवर धावलं तर टायर तापतो, साइडवॉल मार खाते. म्हणजे रस्त्याला हवा वाढवायची आणि वावरात उतरल्यावर कमी करायची. कमी करणं दोन मिनिटांचं काम आहे, पुन्हा भरणं कंटाळवाणं. बॅटरीवरचा पंप मोठ्या टायरला बराच वेळ घेतो. जो ट्रॅक्टर रोज दोन्हीकडे जातो त्याची हवा रोज बदलली जाईल असं मी मानत नाही, आणि मानून सल्ला देणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. अशा ट्रॅक्टरसाठी बायसच ठेवावा, हवा मधल्या आकड्यावर असावी आणि वापसा कडक पाळावा. तुरीच्या आणि पऱ्हाटीच्या धसकटांचाही विचार करावा लागतो. रेडिअलची साइडवॉल पातळ आणि लवचिक असते; छाटलेलं टोकदार धसकट तिला बायसपेक्षा लवकर जखम करतं, आणि साइडवॉलची जखम पंक्चरसारखी जुळत नाही.

काही ठिकाणी टायर बदलण्यापेक्षा चाकाची वाट ठरवून देणं जास्त उपयोगी पडतं. इक्रिसॅटनं हैदराबादजवळ पाटनचेरूला काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरीची पद्धत बसवली आणि पुढे अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं ती सोयाबीनसाठी बीबीएफ यंत्रासह वऱ्हाडात पोचवली. आपण तिच्याकडे पाण्याच्या निचऱ्यासाठी बघतो. पण तिच्यात आणखी एक गुण दडलेला आहे. ट्रॅक्टरची चाकं सरीतून चालतात आणि वरंब्यावर, जिथे पीक उभं आहे, तिथे चाक लागतच नाही. पुढची फवारणी आणि डवरणीही त्याच सऱ्यांतून झाली तर दाबलेली जमीन सरीपुरती राहते. संत्र्याच्या बागेत हे उलट घडतं. वर्षानुवर्षं फवारणीचा ब्लोअर त्याच पट्ट्यांतून, तोही पावसाळ्यात आणि पाणी दिल्यावर, जातो. पट्टा दबतो, पाणी मुरायचं थांबून खोडाकडे साचतं, आणि साचलेल्या पाण्यात फायटोफ्थोराला, म्हणजे डिंक्याला, फावतं. बागेत वजनानं हलका ट्रॅक्टर आणि रुंद, कमी हवेचा टायर यांचा फायदा मला सगळ्यात स्पष्ट दिसतो, कारण तिथे तो ट्रॅक्टर रस्त्यावर फारसा जात नाही आणि बाग पंधरा-वीस वर्षं टिकवायची असते.

पुढच्या पानांत भार मोजण्याची रीत, हवेचे तक्ते कसे वाचायचे, पुढच्या चाकांनाही ओढ असलेल्या ट्रॅक्टरवर टायरचं माप बदलताना काय सांभाळायचं, आणि खड्डा घेऊन माती बघण्याची पद्धत सविस्तर दिली आहे. पण त्याआधी वाचकाला एक विनंती आहे. पुस्तिका बाजूला ठेवून ट्रॅक्टरपाशी जावं, साइडवॉलवरचं माप वाचावं, थंड टायरची हवा कमी दाबाच्या गेजनं मोजावी आणि मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला ते दोन्ही आकडे तारखेसह लिहून ठेवावेत. पुढचा सगळा हिशेब त्याच दोन आकड्यांवरून करायचा आहे.